डाएटिशियनचा रेझ्युमे कोण, कसा वाचतं?

"पेशंट्सना हेल्दी लाइफस्टाइलसाठी मोटिव्हेट केलं." हे वाक्य मी आतापर्यंत इतक्या रेझ्युमेंमध्ये वाचलंय की ते दिसलं की डोळे आपोआप पुढच्या ओळीवर जातात. मी सोलापुरात आहारतज्ज्ञ म्हणून रुग्णालयात काम करते. विभागात जागा निघाली की अर्ज चाळायचं काम माझ्याकडे येतं. अर्जदार मुली (मुलं फार थोडी येतात) हुशार असतात. इंटर्नशिपमध्ये त्यांनी खरंखुरं काम केलेलं असतं, फक्त ते कागदावर दिसत नाही. कागदावर दिसतं ते मोटिव्हेट करणं.

त्यात आता नोंदणीच्या गोंधळाची भर पडली आहे. २०२१ साली संसदेने आरोग्यक्षेत्रातल्या डॉक्टर-नर्स सोडून इतर व्यवसायांसाठी एक कायदा केला. फिजिओथेरपिस्ट, लॅब टेक्नॉलॉजिस्ट यांच्यासोबत डाएटिशियन आणि न्यूट्रिशनिस्टही त्यात आले. तेव्हापासून "रजिस्टर्ड" या शब्दाला दोन-तीन वेगळे अर्थ चिकटलेत आणि रेझ्युमेत ते सगळे एकाच ओळीत कोंबलेले असतात. एका काल्पनिक मुलीचा रेझ्युमे घेऊन हे सगळं उलगडून बघू. तिला स्नेहल म्हणू. अनेक जणींचे अर्ज जोडून मी ती बनवली आहे.

स्नेहल एम.एस्सी. आहे. एका मोठ्या रुग्णालयात सहा महिने इंटर्नशिप आणि मग शहरातल्या एका खासगी क्लिनिकमध्ये चौदा महिने काम. तिच्या रेझ्युमेत अनुभवाखाली पाच ओळी आहेत: डाएट कौन्सेलिंग, डाएट प्लॅनिंग, वेट मॅनेजमेंट, डायबेटिक डाएट, पेशंट एज्युकेशन. खाली छंद, वडिलांचं नाव, उंची आणि चक्क वर्ण. (हा लग्नाचा बायोडेटा नाही. उंची-वर्ण आजच काढून टाका.)

रेझ्युमे म्हणजे स्वतःचा केसपेपर

केसपेपरवर आपण "पेशंट बरा नाही" असं लिहितो का? वय, तक्रार, तपासण्या, काय दिलं, पुढे काय झालं, असं लिहितो. नंतर येणाऱ्या डॉक्टरला तेवढ्यावरून पुढचं पाऊल उचलता यायला हवं. रेझ्युमे वाचणारीही त्याच नजरेने बघते. "डायबेटिक डाएट" या दोन शब्दांवर मला पुढे काहीच विचारता येत नाही. "रोज साधारण आठ ते दहा मधुमेही बाह्यरुग्णांचं आहार-समुपदेशन" असं असेल तर मी विचारू शकते: इन्सुलिनवरचे किती? रात्रपाळीवाले किती? पहिल्या भेटीला किती वेळ द्यायचीस?

म्हणून माझी एकच कसोटी आहे. रेझ्युमेतल्या प्रत्येक ओळीवर समोरच्याने सलग तीन प्रश्न विचारले तरी उत्तरं तुमच्याकडे असली पाहिजेत. ज्या ओळीवर दुसऱ्याच प्रश्नाला अडखळायला होईल, ती ओळ काढा.

रुग्णालयाचा अनुभव: वॉर्ड ते किचन

रुग्णालयातल्या आहारतज्ज्ञाचं काम बाहेरच्यांना "ताटं पाठवणं" वाटतं. खरं काम त्याआधी सुरू होतं. रुग्ण दाखल झाला की साधारण पहिल्या चोवीस तासांत त्याची पोषण-तपासणी करायची असते. वजन अलीकडे घटलंय का, जेवण कमी झालंय का, आजार किती गंभीर आहे, यावरून कोणाकडे आधी लक्ष द्यायचं ते ठरतं. मग राउंड, डाएट शीट, किचनला सूचना आणि ट्रे वॉर्डात जाण्याआधीची शेवटची नजर. मऊ आहाराच्या ट्रेवर कडक भाकरी चढलेली मी सोलापुरात एकदा नव्हे, अनेकदा परत पाठवली आहे.

यातलं काय लिहायचं? रुग्णालय किती खाटांचं होतं, कोणते वॉर्ड सांभाळले, दिवसाला साधारण किती रुग्ण बघितले आणि कोणत्या प्रकारचे आहार स्वतः लावले. इंटर्न असताना "स्वतः" आणि "देखरेखीखाली" यांतला फरक लिहायला लाजू नका. उलट तो लिहिलेला असला की मला बाकीच्या ओळींवर विश्वास बसतो.

स्नेहलला मी मुलाखतीत विचारलं असतं, "नाकातून नळी घातलेल्या रुग्णाचं फीड कधी लावलंस का?" तिच्या इंटर्नशिपमध्ये हे झालेलं होतं, पण रेझ्युमेत एक अक्षर नव्हतं. समजा रुग्ण ५५ किलोचा आहे. दर किलोमागे २५ ते ३० कॅलरी धरल्या तर दिवसाला साधारण १५०० कॅलरी लागतात. फीड एका मिलिलिटरला एक कॅलरी देणारं असेल तर १५०० मिलिलिटर. सकाळी सहापासून रात्री नऊपर्यंत दर तीन तासांनी सहा वेळा, म्हणजे प्रत्येक वेळी २५० मिलिलिटर. प्रथिनं किलोमागे १.२ ग्रॅम धरली तर ६६ ग्रॅम. पहिल्याच दिवशी पूर्ण मात्रा द्यायची नाही, हळूहळू वाढवायची. पोट फुगलं, उलटी झाली, जुलाब लागले की लगेच डॉक्टरांना कळवायचं. बरेच दिवस उपाशी असलेल्या रुग्णात तर जास्तच सावध राहायचं, कारण अचानक भरपूर अन्न मिळालं की रक्तातलं फॉस्फरस आणि पोटॅशियम धोकादायकरीत्या खाली जाऊ शकतं.

हा सगळा हिशोब रेझ्युमेत लिहायचा नाही. रेझ्युमेत फक्त एक ओळ: "वरिष्ठांच्या देखरेखीखाली नळीच्या फीडची मात्रा व वेळापत्रक ठरवणे, रोजची सहनशीलता नोंदवणे." हिशोब डोक्यात असला पाहिजे, कारण पुढचा प्रश्न तोच येणार.

क्लिनिकमधलं यश कसं मोजायचं?

खरी गंमत इथे आहे आणि घोटाळाही इथेच होतो. स्नेहलच्या पहिल्या मसुद्यात एक ओळ होती: "तीन आठवड्यांत एचबीए१सी ९ वरून ६.५ वर आणली." एचबीए१सी म्हणजे गेल्या दोन-तीन महिन्यांतल्या साखरेची सरासरी सांगणारी तपासणी. ती तीन आठवड्यांत अशी कोसळत नाही. असं लिहिलेलं दिसलं की मला दोनच शक्यता दिसतात: एकतर लिहिणारीला ही तपासणी नीट माहीत नाही, किंवा तिने ती ओळ कुठून तरी उचलली आहे. दोन्ही वाईट.

आता तिच्या क्लिनिकमधली एक खरी वाटावी अशी केस घेऊ. यंत्रमागावर काम करणारे ५२ वर्षांचे एक काका. वजन ७४ किलो, उंची १६४ सेंटिमीटर. बीएमआय, म्हणजे किलोतल्या वजनाला मीटरमधल्या उंचीच्या वर्गाने भागून येणारा आकडा, २७.५. आपल्याकडे २३ च्या पुढे जादा वजन आणि २५ च्या पुढे लठ्ठपणा धरतात. एचबीए१सी ९.१. रात्रपाळी. पहिल्या भेटीत स्नेहलने सरळ चार्ट हातात दिला नाही. कालच्या चोवीस तासांत काय काय पोटात गेलं ते एकेक करून विचारलं. त्यातून कळलं की काका दिवसभरात सहा कप चहा घेतात आणि प्रत्येकात दोन चमचे साखर. चमचा पाच ग्रॅमचा धरला तर ६० ग्रॅम साखर, म्हणजे नुसत्या साखरेच्या २४० कॅलरी. शेंगाचटणी भाकरीवर पसरून, अंदाजे ३० ग्रॅम, म्हणजे दीडशेहून जास्त कॅलरी. ज्वारीची भाकरी तीन.

काकांना वाटत होतं, भाकरी बंद करायला सांगणार. स्नेहलने भाकरी तशीच ठेवली. चहा तीन कपांवर आणला आणि एका चमच्यावर. साखर ६० वरून १५ ग्रॅमवर आली, रोजच्या १८० कॅलरी तिथेच वाचल्या. चटणी एक चमचा, सोबत पातळ आमटी आणि कच्ची भाजी. तीन महिन्यांनी वजन ७०.५ किलो, एचबीए१सी ७.८.

मग रेझ्युमेत "एचबीए१सी ९.१ वरून ७.८" लिहायचं का? थांबा. त्याच तीन महिन्यांत डॉक्टरांनी औषधाचा डोसही वाढवला होता. ती घट फक्त आहाराची आहे असं स्नेहल म्हणू शकत नाही. ज्याने डोस वाढवला तो डॉक्टर मुलाखतीच्या टेबलावर बसलेला असेल तर तिची पंचाईतच. तिचं म्हणून जे आहे ते लिहावं: आहार-आठवण घेऊन साखरेचे लपलेले स्रोत शोधणं, स्थानिक जेवण न मोडता बदल करणं आणि रुग्ण पुन्हा येत राहणं.

हे शेवटचं मला फार महत्त्वाचं वाटतं. क्लिनिकमध्ये पहिल्यांदा येणारे भरपूर असतात, तिसऱ्यांदा येणारे थोडे. स्नेहलने जुन्या रजिस्टरवरून मोजलं: चौदा महिन्यांत १४० नवे रुग्ण, त्यातले ६१ तिसऱ्या भेटीपर्यंत टिकले. हा आकडा कमी दिसतो म्हणून ती लिहायला तयार नव्हती. मी म्हणेन, लिही. हा आकडा मोजणारी मुलगी मला नेमायची आहे. सगळे टिकले असं सांगणारीला मी विचारते, रजिस्टर कोणतं ठेवलंस? आणि तिथेच गाडी अडते.

"आधी-नंतर"चे फोटो जोडले तर?

नको. लोकांचे फोटो, नावं, तपासण्यांचे कागद रेझ्युमेला जोडणं म्हणजे रुग्णाची गोपनीयता मोडणं. "संमती घेतली होती" असं सांगतात, पण ती क्लिनिकच्या भिंतीवर लावायला दिलेली असते, नोकरीच्या अर्जासाठी नव्हे. केस सांगायची असेल तर वयाचा गट, आजार, काम असं सांगा. सोलापूर लहान आहे. "अमक्या पेठेतले, अमक्या कारखान्यातले काका" म्हटलं की ओळख पटते, म्हणून तेवढंही काढा.

आहार-कार्यक्रम तयार केला असेल तर

"वेट लॉस प्रोग्रॅम डिझाइन केला" या ओळीतून काही कळत नाही. कार्यक्रम कोणासाठी, किती आठवड्यांचा, किती भेटींचा आणि कोणाला तो लागू करायचा नाही, हे लिहा. शेवटचा भाग बहुतेक जणी विसरतात आणि मी तोच आधी शोधते.

स्नेहलने क्लिनिकमध्ये एक छोटी गोष्ट केली होती, तिच्या लेखी "किरकोळ". आषाढी एकादशीला उपवास करणाऱ्या मधुमेहींसाठी तिने मराठी आणि तेलुगूत एक पानी पत्रक बनवलं. पंढरपूर आपल्याच जिल्ह्यात, त्यामुळे एकादशी मोडा असं सांगून कोणी ऐकत नाही. साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ पिष्टमय पदार्थ, त्यात तूप आणि बटाटा. तिने त्याऐवजी मोजून भगर, दही, थोडी शेंगदाण्याची आमटी, काकडी असं सुचवलं. पण पत्रकाची पहिलीच ओळ होती: "तुम्ही साखरेची गोळी किंवा इन्सुलिन घेत असाल तर उपवासाआधी डॉक्टरांना भेटा. डोस स्वतःहून बदलू नका." कारण काही गोळ्या स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावतात. त्या घेऊन पोट रिकामं ठेवलं तर साखर धोकादायकरीत्या खाली जाऊ शकते. घाम, थरथर, गोंधळल्यासारखं वाटणं ही लक्षणं आणि तेव्हा लगेच काय खायचं, हेही पत्रकात होतं.

या एका पत्रकातून मला तिच्याबद्दल जे कळलं ते "डायबेटिक डाएट" या दोन शब्दांतून कधीच कळलं नसतं. आहारतज्ज्ञाची हद्द कुठे संपते आणि डॉक्टरांची कुठे सुरू होते, हे तिला माहीत होतं.

भाषेचंही तेच. सोलापुरात तेलुगू, कन्नड, उर्दू बोलणारी कुटुंबं शेजारी-शेजारी राहतात. "भाषा: मराठी, हिंदी, इंग्रजी" सगळेच लिहितात. "तेलुगूत समुपदेशन करता येतं" ही ओळ मात्र इथल्या कोणत्याही रुग्णालयाला हवी असते.

नोंदणी: तीन वेगळ्या गोष्टी, एकत्र करू नका

स्नेहलच्या रेझ्युमेत लिहिलं होतं, "आयडीए रजिस्टर्ड". विचारल्यावर कळलं, ती इंडियन डायटेटिक असोसिएशनची आजीव सभासद आहे. सभासदत्व आणि नोंदणी हे दोन वेगळे प्रकार आहेत. असोसिएशनचा "रजिस्टर्ड डाएटिशियन", म्हणजे आरडी, हा दर्जा पात्रता, रुग्णालयातली इंटर्नशिप आणि परीक्षा यांतून मिळतो. तो मिळाला की क्रमांक मिळतो. सभासदत्व म्हणजे संघटनेचे सदस्य असणं, एवढंच. हाउसिंग सोसायटीचा सभासद म्हणजे इंजिनिअर नव्हे, तसंच हे.

दुसरी नोंदणी २०२१ च्या कायद्याची. या कायद्याने राष्ट्रीय आयोग आणि राज्य परिषदा यांची रचना केली आणि नोंदवही ठेवण्याची जबाबदारी त्यांच्यावर टाकली. ही सरकारी, कायद्याने येणारी नोंद आहे. आरडी हा व्यावसायिक संघटनेचा दर्जा आहे. एक असलं म्हणजे दुसरं आपोआप असतं असं नाही.

तिसरं, आणि सगळ्यात गंमतीचं, म्हणजे अन्नसुरक्षेचा परवाना. घरून डायटचे डबे किंवा लाडू विकण्यासाठी काढलेला चौदा अंकी क्रमांक काही जणी "नोंदणी क्रमांक" म्हणून टाकतात. तो अन्नव्यवसायाचा परवाना आहे, आहारतज्ज्ञाचा नव्हे. डब्यांचा व्यवसाय असेल तर अनुभवाखाली जरूर लिहा, पण नोंदणीच्या ओळीत नको.

लिहायची पद्धत साधी: प्रत्येक गोष्ट वेगळ्या ओळीत, देणाऱ्या संस्थेच्या नावासह, क्रमांक आणि मुदत असेल तर तीही. परीक्षा दिली पण निकाल यायचाय तर "परीक्षा दिली, निकाल प्रतीक्षेत". अर्ज केलाय तर "अर्ज केला" आणि महिना. नावाआधी "डॉ." फक्त पीएच.डी. किंवा वैद्यकीय पदवी असेल तरच. ऑनलाइन चार आठवड्यांच्या प्रमाणपत्रावरून लावलेलं "डॉ." मी दोनदा पाहिलं आहे आणि दोन्ही वेळा पुढचा कागद वाचला नाही.

"अनुभवच नाही, तर लिहू काय?"

हा आक्षेप दरवर्षी येतो. इंटर्नशिप हाच अनुभव आहे, तो शिक्षणाखाली एका ओळीत दडपू नका. त्याला स्वतःचा भाग द्या आणि वॉर्डनिहाय लिहा. प्रबंध केला असेल तर विषय आणि किती जणांची पाहणी केली तो आकडा. कॉलेजतर्फे विडी कामगार वस्तीत हिमोग्लोबिन शिबिर झालं असेल तर तुम्ही तिथे नक्की काय केलंत ते: नाव नोंदवलं, रक्त घेतलं नाही, पण आहार विचारला. एवढं सरळ लिहिलेलं पुरतं. नवख्या मुलीने एका पानात आटपावं, पाच-सात वर्षांच्या अनुभवाला दुसरं पान चालेल.

काही जणी म्हणतात, इतकं तपशिलात लिहिलं तर "जास्तच" वाटणार नाही का? ओळी वाढवायच्या नाहीत, ओळींतली हवा काढायची आहे. स्नेहलच्या पाच ओळी अखेर सहाच झाल्या. रुग्णालयाच्या भागाखालच्या अशा:

"खाटांची संख्या व वॉर्ड नमूद. सहा महिने, इंटर्न. रोज १२ ते १५ दाखल रुग्णांची पोषण-तपासणी, देखरेखीखाली. मऊ, मधुमेही व किडनीच्या आहाराची डाएट शीट भरणे, ट्रेची तपासणी. नळीच्या फीडची मात्रा व रोजची सहनशीलता नोंदवणे, देखरेखीखाली."

क्लिनिकच्या भागाखाली:

"१४ महिने, १४० नवे रुग्ण, ६१ तिसऱ्या भेटीपर्यंत. मराठी, हिंदी व तेलुगूत समुपदेशन. उपवास करणाऱ्या मधुमेहींसाठी एक पानी द्विभाषिक पत्रक, डॉक्टरांकडे पाठवण्याच्या निकषांसह."

हा कागद माझ्यासमोर आला असता तर पहिला प्रश्न मी उरलेल्या ७९ जणांबद्दल विचारला असता: ते परत का आले नाहीत, हे तू कधी फोन करून विचारलंस का?